पैसे निघाले, पण कुठल्या खात्याकडे?

"बँकेत आधार दिलंय ना!" शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारलं की पहिलं उत्तर हेच येतं. ते खोटं नसतं. आधार कार्डाची झेरॉक्स बँकेत दिलेली असते, पासबुकावर कधी कधी तसा शिक्काही असतो, एटीएम चालतं, यूपीआय चालतं. तरी पैसे येत नाहीत. कॉलेजचा क्लार्क म्हणतो, आमच्याकडून अर्ज पुढे गेला. पोर्टलवर अर्ज मंजूर दिसतो. बँकेतला माणूस म्हणतो, आमच्याकडे काही आलंच नाही. तिघंही खरं बोलत असतात, आणि मधल्या मध्ये मुलाचं वर्ष निघून जातं.

या अंकात आम्ही फक्त एवढ्याच गोष्टीवर लिहीत आहोत. योजना कोणत्या, पात्रता काय, याची माहिती तुम्हाला कॉलेजच्या नोटीस बोर्डावरही मिळेल. पण मंजूर झालेले पैसे कुठल्या रस्त्यानं येतात आणि कुठल्या वळणावर परत फिरतात, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारकडून थेट लाभ हस्तांतरणाचे, म्हणजे डीबीटीचे पैसे आधारवर पाठवले जातात तेव्हा ते तुमच्या खाते क्रमांकावर निघत नाहीत. ते तुमच्या आधार क्रमांकावर निघतात. विभाग यादी पाठवतो: हा आधार क्रमांक, ही रक्कम. ती यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआयकडे एक मोठी वही आहे असं समजा. तिला मॅपर म्हणतात. त्या वहीत तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव लिहिलेलं असतं. खाते क्रमांक तिथं नसतोच, फक्त बँक. एनपीसीआय त्या बँकेकडे पैसे ढकलते आणि म्हणते, या आधार क्रमांकाचा माणूस तुमच्याकडे आहे, त्याच्या खात्यात टाका. मग ती बँक आपल्या नोंदींत बघते, हा आधार क्रमांक कुठल्या खात्याला जोडला आहे, आणि तिथं रक्कम जमा करते.

म्हणजे नोंदी दोन आहेत. एक बँकेच्या आतली: अमुक खात्याला अमुक आधार. दुसरी एनपीसीआयच्या वहीतली: अमुक आधारसाठी अमुक बँक. पहिल्या नोंदीला लोक लिंकिंग म्हणतात, दुसरीला सीडिंग. तुम्ही केवायसीसाठी झेरॉक्स दिली तेव्हा पहिली नोंद झाली. दुसरी झालीच असेल असं नाही, कारण तिच्यासाठी तुमची वेगळी संमती लागते. आणि दुसरी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. तुमची चार बँकांत चार खाती असू शकतात, चारही ठिकाणी आधार दिलेलं असू शकतं, पण वहीत नाव एकीचंच. जिच्यासाठी शेवटी संमती गेली, तिचं.

आता एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण यातला एकेक तुकडा तुमच्या ओळखीच्या कोणाच्या तरी घरात घडलेला असेल.

मुलगी मालेगावची. अब्बा पॉवरलूमवर. सध्या नाशिकच्या एका कॉलेजात बी.फार्म.ला आहे, वसतिगृहात राहते. सहावीत असताना, 2016 साली, प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी शाळेनं सगळ्या मुलांची शून्य शिल्लक खाती उघडून घेतली. मालेगावच्या एका शाखेत, अम्मी पालक म्हणून. त्याच वेळी आधार सीडिंगचा फॉर्मही भरून घेतला गेला. शिष्यवृत्ती दोनदा आली, मग अर्ज भरायचा राहिला, खातं तसंच पडून राहिलं. पासबुक कपाटात. दहावीनंतर ती अठराची झाली, पण त्या खात्याकडे कोणी फिरकलं नाही. नाशिकला आल्यावर कॉलेजजवळच्या दुसऱ्या बँकेत तिनं नवं खातं काढलं. आधार दिलं, पॅन दिलं, मोबाईल अॅप सुरू केलं. तिच्या मनात तिचं खातं म्हणजे हेच.

तिनं mahadbt.maharashtra.gov.in वर अर्ज भरला. नोंदणी आधार क्रमांक आणि ओटीपीनं केली. नाव आणि जन्मतारीख आधारवरून आली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची उच्च व व्यावसायिक अभ्यासक्रमांची योजना निवडली. कॉलेजच्या पातळीवर मंजुरी, मग विभागाची. सगळं हिरवं. पैसे निघाले. एनपीसीआयच्या वहीत तिच्या आधारसमोर अजूनही मालेगावच्या त्या बँकेचं नाव होतं. पैसे तिथं गेले. त्या बँकेनं पाहिलं, खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं, मूल सज्ञान झालं पण नवी सही आणि नवी केवायसी झालेली नाही, व्यवहार बंद. रक्कम परत. नाशिकच्या बँकेला या सगळ्याचा पत्ताच नाही, कारण तिच्या दारापर्यंत काही आलंच नव्हतं.

खातं जिवंत असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि कदाचित जास्त गोंधळाची. पैसे तिथं जमा झाले असते, पोर्टलनं "मिळाले" असं दाखवलं असतं आणि मुलगी नाशिकच्या पासबुकात ते शोधत बसली असती. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते सुटले तेव्हा अनेक घरांत हेच झालं. आपल्या अम्मीनं, खालानं फॉर्मवर एक खातं लिहिलं आणि पैसे निघाले भलत्याच, विसरलेल्या खात्यात. तुमच्या घरात तेव्हा जो शोध झाला असेल, तोच शिष्यवृत्तीसाठी करायचा आहे, फक्त पैसे निघण्याआधी.

तपासणं अवघड नाही. myaadhaar.uidai.gov.in वर जा, आधार क्रमांक टाका, मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. आत `Bank Seeding Status` असा एक चौकोन आहे. त्यावर गेलात की तुमच्या आधारचे शेवटचे आकडे, बँकेचं नाव, स्थिती आणि नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख दिसते. स्थितीच्या जागी `Active` हवं. पण तेवढ्यावर थांबू नका. बँकेचं नाव वाचा. आपल्या उदाहरणातल्या मुलीलाही तिथं `Active` दिसलं असतं, आणि ती निर्धास्त झाली असती. तिच्या कामाची माहिती त्या शब्दात नव्हती. ती बँकेच्या नावात होती, आणि तारखेत होती: 2016.

ओटीपी येतच नसेल तर अडचण आणखी एक पायरी खाली आहे. आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना आहे, किंवा अब्बांचा आहे, किंवा ज्या मामांनी तेव्हा कार्ड काढून दिलं त्यांचा.  हा नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो. पोस्टमनमार्फतही मोबाईल नंबर अद्ययावत करून मिळतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. जवळच्या पोस्टात विचारा. मुलींना आम्ही आग्रहानं सांगू, नंबर स्वतःचा जोडा. घरात विश्वास नाही म्हणून नव्हे. अर्जाच्या हंगामात ओटीपी दहा मिनिटांत संपतो, आणि अब्बांचा फोन त्या वेळी लूमच्या आवाजात वाजत असतो.

आता चुकीची बँक दिसली तर काय करायचं. मालेगावला जाऊन जुनं खातं बंद करायची गरज नाही. जिथं पैसे हवेत त्या बँकेत जायचं. शाखेत "आधार लिंक करायचंय" असं म्हणालात तर काउंटरवरचा माणूस संगणकात बघून सांगेल, तुमचं लिंक आहे. आणि तुम्ही परत याल. म्हणून शब्द नेमके वापरा: "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचं आहे, आधी दुसऱ्या बँकेत आहे, ते इकडे हलवायचं आहे." त्याचा संमतीचा फॉर्म असतो. त्यात पहिल्यांदाच सीडिंग करता आहात की एका बँकेतून दुसरीकडे हलवता आहात, असा पर्याय असतो. हलवत असाल तर आधीच्या बँकेचं नाव लिहावं लागतं, आणि ते नाव तुम्ही आत्ताच `Bank Seeding Status` मध्ये पाहिलेलं आहे. तेच लिहा. इथं "पहिल्यांदाच" वर खूण केली आणि वहीत आधीच दुसरं नाव असलं की विनंती अडकते, आणि ते कळायला पुन्हा आठवडा जातो.

फॉर्म दिल्याची पोच घ्या. तारखेसह, शिक्क्यासह. शाखेत पोच मागायला आपल्यातले बरेच जण संकोचतात. संकोचू नका. पोच नसली तर तुम्ही त्या दिवशी शाखेत गेलात हे पुढे कशावरून दाखवणार?

काही बँकांसाठी हेच काम एनपीसीआयच्या संकेतस्थळावर घरूनही करता येतं. तिथल्या सेवेचं नाव भारत आधार सीडिंग इनेबलर, पडद्यावर `BASE`. त्यात नवं सीडिंग, त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्याकडे हलवणं आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवणं असे वेगळे पर्याय आहेत. मधला पर्याय लक्षात ठेवा. एकाच बँकेत दोन खाती असतील, एक बचतीचं आणि एक जुनं शून्य शिल्लकीचं, तर एनपीसीआयच्या वहीत बँक बरोबर असूनही पैसे चुकीच्या खात्यात जाऊ शकतात, कारण खातं कुठलं हे बँकेच्या आतली नोंद ठरवते. पण सगळ्या बँका या सेवेत नाहीत. तुमची बँक यादीत दिसली नाही तर शाखा गाठा.

काम झालं असं कोणी तोंडी सांगितलं तरी चार-पाच दिवसांनी पुन्हा `Bank Seeding Status` उघडा. नव्या बँकेचं नाव, `Active`, आणि या महिन्यातली तारीख. हे तिन्ही दिसेपर्यंत काम झालेलं नाही. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि कॉलेजमधल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर द्या. आधी परत गेलेली रक्कम आपोआप तुमच्यामागे धावत येत नाही. ती विभागाला पुन्हा पाठवावी लागते, आणि दुरुस्ती झाली आहे हे त्यांना कळवणं तुमच्याच हातात असतं.

बँक बरोबर असूनही पैसे परत जातात, याची दोन कारणं विशेष माहीत हवीत.

पहिलं, खातं निष्क्रिय होणं. खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकानं स्वतः केलेला व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय गटात टाकते. पण इथं रिझर्व्ह बँकेचा एक नियम आपल्या बाजूनं आहे. सरकारी योजना आणि शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती केवळ दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवायची नाहीत, ती वेगळी नोंदवून ठेवायची, असं रिझर्व्ह बँकेनं 1 जानेवारी 2024 च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं. ते 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही, त्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि त्यासाठीची केवायसी मूळ शाखेतच करायला हवी असंही नाही. त्या बँकेची कुठलीही शाखा ती करून देऊ शकते. म्हणजे मालेगावचं खातं चालू करायचंच असेल तर त्या बँकेच्या नाशिकमधल्या शाखेत जाता येतं. शंभर किलोमीटरचा प्रवास आणि एक बुडालेला प्रॅक्टिकलचा दिवस वाचतो. मात्र आपल्या उदाहरणातलं खातं अडलं ते या कारणानं नव्हे, सज्ञान झाल्यावरची केवायसी राहिली म्हणून. त्याला हा नियम सवलत देत नाही. शाखेत वाद घालण्याआधी अडचण यातली कुठली आहे ते विचारून घ्या.

दुसरं कारण खात्याची मर्यादा. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं "छोटं खातं" असतं. त्यात एका वेळी 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण 1 लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. दहावीतल्या मुलाच्या शिष्यवृत्तीला याचा त्रास होत नाही. पण इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या फीची रक्कम आली, त्यात वर्षभरातली आधीची जमा मिळाली, की वर्षाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि रक्कम परत जाऊ शकते. पूर्ण केवायसी केली की ही मर्यादा उठते. तुमचं खातं शाळेत किंवा एखाद्या शिबिरात उघडलं गेलं असेल तर ते कुठल्या प्रकारचं आहे, हे एकदा विचाराच.

नावाचा प्रश्न वेगळ्यानं घ्यायला हवा, कारण तो आपल्या घरांत जास्त आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी: शेख आयेशा सलीम. आधारवर आयेशा सलीम शेख. ही अदलाबदल महाराष्ट्रात सगळ्यांचीच असते, आणि तिच्यामुळे फारसं अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर. शेखचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर `Shaikh`, दुसऱ्यावर `Shekh`, तिसऱ्यावर `Sheikh`. मोहम्मद कुठं पूर्ण, कुठं `Mohd`, कुठं `Md`. मुलींच्या नावापुढं आजीच्या आग्रहानं लागलेलं बी किंवा बानो शाळेत गळतं आणि आधारवर राहतं. अब्बांचं नाव एका ठिकाणी सलीम, दुसरीकडे सलीम खान, तिसरीकडे मोहम्मद सलीम. पोर्टलवर नाव आधारवरून येतं, गुणपत्रिका बोर्डाची, खातं बँकेचं. कॉलेजच्या तपासणीत फरक दिसला की अर्ज परत येतो. बँकेत फरक दिसला की सीडिंगचा फॉर्म बाजूला ठेवला जातो, आणि अनेकदा तो बाजूला ठेवला आहे हे कोणी कळवतही नाही.

यात आमचा सल्ला असा: दहावीच्या गुणपत्रिकेला मूळ धरा आणि बाकीचे कागद तिच्याकडे वळवा, उलट नको. बोर्डाच्या गुणपत्रिकेतलं नाव नंतर बदलणं फार जिकिरीचं असतं, आधारवरचं सोपं. पण आधारवरही नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईनं एखादं अक्षर दुरुस्त करून एक संधी खर्च करू नका. सगळे कागद समोर मांडा, नाव कसं हवं ते एकदा ठरवा, मगच केंद्रावर जा. आधी आधार, मग बँक, मग पोर्टल, या क्रमानं. उलट्या क्रमानं केलंत तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागेल.

केंद्रावर गेलातच तर आणखी एक बघा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात. ज्यांनी ते दिले नाहीत त्यांच्या आधारवर अजून पाच-सहा वर्षांच्या मुलाचा चेहरा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, scholarships.gov.in वर, आता आधी `OTR` म्हणजे एकदाच करायची नोंदणी असते आणि तिच्यात मोबाईलवर चेहरा जुळवून ओळख पटवावी लागते. चेहरा जुळत नाही म्हणून मुलं फोन बदलतात, उजेडात जातात, दाढी काढतात. दोष बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत असतो. या नोंदणीतून मिळणारा 14 आकडी क्रमांक पूर्ण शिक्षणासाठी एकच असतो. तो सायबर कॅफेच्या वहीत राहू देऊ नका.

सायबर कॅफेबद्दल थोडं. हंगामात चौक मंडईपासून वडाळ्यापर्यंत प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात पोर्टलचे फॉर्म भरले जातात, आणि ती मंडळी खरोखर उपयोगाची आहेत. पण फॉर्म भरताना मोबाईल नंबर दुकानदाराचा, पासवर्ड दुकानदाराच्या मनातला, हे चालणार नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरण त्याच नोंदणीवर करायचं असतं. पासवर्ड हरवला म्हणून नवी नोंदणी केली की एकाच विद्यार्थ्याचे दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही संशयात जातात.

आणि मोबाईलच्या दुकानात, शिबिरात, कुठंही अंगठा देऊन किंवा ओटीपी सांगून "झटपट खातं" उघडून घेत असाल तर विचारा: यात डीबीटीची संमती आहे का? ती खूण आधीच केलेली असेल तर काढायला लावा. नाहीतर वहीतलं बँकेचं नाव पुन्हा सरकेल आणि तुमच्या पुढच्या हप्त्याचा पत्ता बदललेला असेल. ही कल्पनेतली भीती नाही. 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या प्रकरणात सिम कार्डाच्या पडताळणीच्या वेळी लोकांची खाती पुरेशा संमतीशिवाय उघडली गेली आणि त्यांचं गॅसचं अनुदान त्या खात्यांत वळलं. यूआयडीएआयनं त्या कंपनीची आधार पडताळणी तेव्हा काही काळ थांबवली. लाखो लोकांना आपलं अनुदान कुठं गेलं हे कळायला महिने लागले होते.

काही वाचक विचारतात, बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली होती ना? केली होती, 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात. साधं बचत खातं चालवायला आधार जोडलंच पाहिजे असं बँक म्हणू शकत नाही. पण त्याच निकालानं आधार कायद्याचं कलम 7 टिकवलं. सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येतं, असं ते कलम सांगतं. त्यामुळे शिष्यवृत्ती हवी असेल तर एक खातं सीड करावं लागणार. तुमची निवड एवढीच आहे की ते कुठलं असावं. बाकीची खाती तुम्ही वहीबाहेर ठेवू शकता, आणि आमच्या मते ठेवावीत.

आता कॉलेजांना आणि विभागाला उद्देशून. केंद्र सरकारनं 2022-23 पासून पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती थांबवली, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली. जे उरलं आहे ते तरी ज्याच्या नावानं मंजूर झालं त्याच्या हातात पडलं पाहिजे. आजची पद्धत सगळं ओझं विद्यार्थ्यावर टाकते. चुकीची बँक नोंदलेली आहे हे त्याला पैसे परत गेल्यावर कळतं, तेही शोधलं तर. प्रवेशाच्या वेळी कॉलेज टीसी मागतं, उत्पन्नाचा दाखला मागतं, तशी `Bank Seeding Status` ची एक प्रिंट मागावी आणि त्यावरचं बँकेचं नाव मुलाला मोठ्यानं वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे. रक्कम परत आली तर बँकेनं दिलेलं कारण पोर्टलवर, विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये, साध्या मराठीत दिसावं. "व्यवहार अयशस्वी" एवढ्यावरून मालेगावची मुलगी काय दुरुस्त करणार? खातं बंद आहे, केवायसी राहिली आहे, की मर्यादा ओलांडली, यातलं नेमकं काय झालं ते कळलं तर ती दुसऱ्याच दिवशी योग्य रांगेत उभी राहील.

बँकेनं फॉर्म घेऊन काहीच केलं नाही, तर आधी शाखेत आणि मग बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. तिथं जोडायला ती शिक्क्याची पोच लागेल.

राष्ट्रीय पोर्टलवरच्या अर्जाचे पैसे कुठं पोचले हे pfms.nic.in वर `Track NSP Payments` मध्ये बघता येतं. महाडीबीटीसाठी पोर्टलवरचं स्वतःचं लॉगिन बघा. पण ही नंतरची गोष्ट झाली. अर्जाची मुदत जाहीर झाली की पोर्टल उघडण्याआधी आधी आधारचं पान उघडा, आणि तिथं कुठल्या बँकेचं नाव आहे ते वाचा.